लिफ्ट बंद असल्याची सूचना : मुदत कशी ठरते आणि ज्येष्ठांची व्यवस्था कशी लावावी

१. ‘कधी सुरू होणार?’

सोसायटीतील लिफ्ट बंद पडली की पहिल्या तासाभरातच सेक्रेटरीला अनेकांकडून एकच प्रश्न ऐकावा लागतो : लिफ्ट कधी सुरू होणार? या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘दोन-तीन दिवसांत’ असे उत्तर दिले जाते, आणि तेच सूचना म्हणून ग्रुपवर जाते. उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगला असतो; परंतु त्या क्षणी बिघाड कोणता आहे, सुटा भाग लागणार आहे की नाही, खर्च कोण मंजूर करणार आहे, यांपैकी काहीच निश्चित झालेले नसते. तिसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू झाली नाही की सूचनेवरचा विश्वास जातो, आणि त्यानंतर दिलेली खरी तारीखही कोणी मनावर घेत नाही.

तरुण रहिवाशाला याचा त्रास होतो, पण त्याचे काम अडत नाही. सातव्या मजल्यावरील गुडघेदुखीच्या रुग्णाचे मात्र सगळे नियोजन त्या एका तारखेवर उभे असते. डॉक्टरांची भेट पुढे ढकलायची की नाही, महिन्याची औषधे आत्ताच मागवायची की थांबायचे, मुलाकडे किंवा मुलीकडे काही दिवस राहायला जायचे की नाही, हे सारे निर्णय ‘दोन दिवस’ आणि ‘दोन आठवडे’ या दोन उत्तरांत पूर्ण वेगळे होतात. चुकीची तारीख मिळाल्यामुळे तो घरातच थांबतो, आणि दोन दिवसांचे पंधरा दिवस झाले की त्याच्या हातातील पर्याय संपलेले असतात. म्हणून पहिल्या सूचनेत लिफ्ट सुरू होण्याची तारीख नसावी, तर पुढची माहिती कधी मिळेल याची तारीख असावी. दुरुस्तीची मुदत दुसऱ्या सूचनेत, निदान झाल्यानंतर द्यावी. हे का, ते समजण्यासाठी लिफ्ट कशी थांबते ते थोडे पाहावे लागेल.

२. थांबलेली लिफ्ट आणि थांबवलेली लिफ्ट

निवासी इमारतींतील बहुसंख्य लिफ्ट दोरांवर चालतात. वरच्या मशीन रूममध्ये मोटर असते, मोटरला जोडलेले खाचा असलेले मोठे चाक असते, त्या चाकावरून पोलादी दोर जातात, दोरांच्या एका टोकाला केबिन आणि दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे केबिनचे वजन तोलून धरणारे जड ओझे, बांधलेले असते. चाकाला ब्रेक असतो आणि तो स्प्रिंगच्या जोराने नेहमी आवळलेलाच असतो. वीज आली की विद्युतचुंबक त्याला सैल करतो आणि वीज गेली की तो आपोआप पुन्हा आवळला जातो. त्यामुळे वीज गेल्यावर लिफ्ट पडत नाही, जागच्या जागी थांबते.

लिफ्टच्या अनेक थांबण्यांचे मूळ याहून लहान गोष्टीत असते. प्रत्येक मजल्याच्या दाराला एक कुलूपवजा स्विच असतो, केबिनच्या दाराला असतो, अतिवेग रोखणाऱ्या गव्हर्नरला असतो, आणि लिफ्टच्या तळाशी असलेल्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्येही असतो. हे सगळे स्विच एकाच विद्युतमार्गावर एकामागून एक जोडलेले असतात. जुन्या पद्धतीच्या दिवाळीच्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझत असे, तसेच येथे होते : चौथ्या मजल्याचे दार नीट बसले नाही तर संपूर्ण लिफ्ट थांबते. मेकॅनिक कोणता स्विच जुळत नाही ते शोधतो, दार किंवा कुलूप नीट करतो आणि तासाभरात लिफ्ट पुन्हा चालू होते. पावसाळ्यात पिटमध्ये पाणी साचले तर तेथील स्विच आणि वायरींपर्यंत ओल पोहोचते. मग पाणी उपसून सगळे कोरडे होईपर्यंत एखादा दिवस जातो.

दुसरा प्रकार वेगळा असतो. लिफ्ट चालू शकते, परंतु ती चालवणे योग्य नाही असे तपासणीत आढळते आणि मेकॅनिक ती बंद ठेवायला सांगतो. रहिवाशांना हा प्रकार पटवणे सर्वांत कठीण जाते, कारण कालपर्यंत लिफ्ट चालत असल्याचे सर्वांनी पाहिलेले असते. दुरुस्तीची मुदतही याच प्रकारात सर्वाधिक चुकते. म्हणून येथे उदाहरणासाठी हाच प्रकार घेतला आहे.

३. दोर आणि चाक

पुण्याच्या उपनगरातील एक इमारत उदाहरणादाखल घ्यावी : खाली पार्किंग, वर सात मजले, प्रत्येक मजल्यावर चार याप्रमाणे २८ सदनिका, आणि सहा माणसांची, म्हणजे ४०८ किलो क्षमतेची एकच लिफ्ट. आपल्याकडे माणशी ६८ किलो धरून ही क्षमता काढतात. इमारत बावीस वर्षांची असून लिफ्टही तेवढीच जुनी आहे. काही महिन्यांपासून केबिन मजल्याच्या पातळीशी नेमकी थांबत नाही. रिकामी असताना दोन बोटे वर राहते, भरलेली असताना खाली. सोमवारी, ९ जूनला सकाळी ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये थांबते आणि मेकॅनिक आतील माणसांना सुखरूप बाहेर काढून लिफ्ट बंद करून ठेवतो.

मंगळवारी मशीन रूममध्ये तपासणी होते. दोर अनेक बारीक तारा पिळून केलेला असतो, आणि जुन्या दोरात त्या तारा आतल्या आत घासून लालसर भुकटी बाहेर येते. तशी भुकटी येथे दिसते, आणि काही तारा तुटून वर आल्याचेही आढळते. मेकॅनिक चाकावरील चारही दोरांवर सरळ पट्टी आडवी ठेवतो, तेव्हा दोन दोर पट्टीला टेकतात आणि दोन खाली राहतात. याचा अर्थ चाकाच्या खाचा सारख्या झिजलेल्या नाहीत. दोर खाचेत घट्ट रुतून बसतो म्हणून चाक त्याला ओढू शकते. खाच झिजून तळाशी रुंद झाली की ती पकड कमी होते आणि ब्रेक लागून चाक थांबल्यावरही दोर थोडा सरकतो. केबिन पातळीच्या वर-खाली थांबण्याचे कारण येथे सापडते.

ही माहिती सूचनेत आली की दोन गैरसमज टळतात. पहिला, केबिन कोसळणारच होती असा. लिफ्टचे दोर कमाल भाराच्या कित्येक पट ताकदीचे घेतले जातात, आणि वेग मर्यादेबाहेर गेलाच तर गव्हर्नर केबिनखालील पकडी आवळून तिला मार्गदर्शक रुळांवर अडकवतो. एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशाच पकडीचे प्रात्यक्षिक लोकांसमोर दोर कापून दाखवले होते. येथील धोका दोर घसरण्याचा आहे : दार उघडे असताना केबिन हलली तर उंबऱ्यावर पाय ठेवणारा माणूस अडखळून पडतो, आणि वृद्ध माणसाचे खुब्याचे हाड मोडायला तेवढे पडणे पुरते. दुसरा गैरसमज असा की दोर बदलले की काम झाले. झिजलेल्या खाचांवर नवे दोर घातले तर तेही असमान ओढले जाऊन लवकर खराब होतात, म्हणून दोरांबरोबर चाकही बदलावे लागते, किंवा शक्य असल्यास त्याच्या खाचा नव्याने कापून घ्याव्या लागतात. दोर एक-दोन बदलून भागत नाही. नव्या-जुन्या दोरांचा ताण सारखा राहत नसल्याने चारही एकदम बदलतात.

४. दिवस कोठे जातात

मेकॅनिकने ‘दोन दिवसांचे काम’ असे सांगितलेले असते आणि ते खरेच असते. पण ते दोन दिवस सामान हातात आल्यानंतरचे असतात. मुदत मोजायची तर काम सुरू होण्यापूर्वीचे टप्पे आधी मोजावे लागतात, आणि त्यांत सर्वांत लांब टप्पा पुष्कळदा यंत्राचा नसून मंजुरीचा असतो.

उदाहरणातील सोसायटीला बुधवारी, ११ जूनला, चार दोर, चाक आणि मजुरी मिळून १ लाख १० हजार रुपयांचे खर्चपत्रक मिळते असे समजावे. वार्षिक देखभाल करार, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, दोन प्रकारचा असतो. एका प्रकारात फक्त नियमित तपासणी, तेल-वंगण आणि मेकॅनिकची फेरी असते; दुसऱ्यात सुट्या भागांचा खर्चही धरलेला असतो, परंतु त्यातही काही भाग आणि पाण्यामुळे झालेले नुकसान वगळलेले असू शकते. करार काढून पाहण्याचे काम पहिल्याच दिवशी व्हावे, कारण खर्च सोसायटीला करायचा असेल तरच पुढचा टप्पा येतो.

तो टप्पा म्हणजे सभा. कार्यकारी समिती स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर किती खर्च करू शकते याची मर्यादा उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमांत, दिलेली असते. खर्च त्याहून मोठा असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. विशेष सर्वसाधारण सभेसाठी पूर्ण पाच दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि त्या पाच दिवसांत नोटीस दिल्याचा दिवस व सभेचा दिवस धरत नाहीत. बुधवारी रात्री नोटीस दिली तर १२ ते १६ हे पाच दिवस सोडून सभा मंगळवारी, १७ जूनलाच होऊ शकते. तातडीच्या प्रसंगी समितीने एकमताने ठरवल्यास कमी मुदतीत सभा बोलावण्याची तरतूद अनेक सोसायट्यांच्या उपविधींत असते, आणि वृद्ध व आजारी रहिवासी वर अडकलेले असताना ती वापरणे न्याय्यच आहे. येथे समिती तसे ठरवते आणि सभा शुक्रवारी, १३ जूनला घेते. चार दिवस वाचतात. खर्चाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मर्यादेत बसवणे आणि सभाच टाळणे हा मार्ग मात्र घेऊ नये. पुढे हिशेबतपासणीत तो प्रश्न हमखास उपस्थित होतो.

सभेत पहिल्या मजल्यावरील एखादा सभासद विचारतो की लिफ्ट न वापरणाऱ्याने पैसे का द्यावेत. आदर्श उपविधींचे उत्तर स्पष्ट आहे : लिफ्टच्या देखभालीचा आणि दुरुस्तीचा खर्च त्या इमारतीतील सर्व सभासदांनी समान वाटून घ्यायचा असतो, मग ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत. हे आधीच सभेच्या नोटिशीत लिहिले तर सभा लांबत नाही.

शनिवारी, १४ जूनला मागणी नोंदवली जाते. पुरवठादार सामानासाठी चार ते सहा कामाचे दिवस सांगतो, म्हणजे सामान गुरुवार, १९ ते शनिवार, २१ जून या काळात पोहोचेल. त्यानंतर दोन दिवस बसवण्याचे आणि अर्धा दिवस चाचणीचा. चाचणी म्हणजे दोन-चार फेऱ्या मारून पाहणे नव्हे; केबिनमध्ये माणसे न घेता वजने ठेवून ती पूर्ण भाराने चालवतात, ब्रेक भार पेलून थांबतो का ते पाहतात, गव्हर्नर आणि सर्व मजल्यांच्या दारांचे स्विच तपासतात. हा अर्धा दिवस मुदतीतून कापण्याचा मोह होतो, आणि तो नेमका कापू नये असा आहे.

आता बेरीज करता येते. सामान १९ तारखेला आले तर शुक्रवार व शनिवारी काम, रविवार सुटी, सोमवारी चाचणी : लवकरात लवकर सोमवार, २३ जून. सामान २१ तारखेला आले तर सोमवार व मंगळवारी काम आणि बुधवारी चाचणी : उशिरात उशिरा बुधवार, २५ जून. पहिल्या दिवशीच्या ‘दोन-तीन दिवसां’चे येथे दोन आठवड्यांहून अधिक झाले, आणि कोणीही दिरंगाई केलेली नाही. दोन टोके असलेली अशी मुदत एकाच तारखेपेक्षा अधिक प्रामाणिक असते, कारण ती कशावर अवलंबून आहे हे वाचणाऱ्याला कळते.

काही प्रसंगी मुदत सोसायटीच्या हातातही नसते. लिफ्टमुळे कोणाला इजा झाली असेल तर तो अपघात ठरतो, त्याची माहिती राज्य शासनाच्या लिफ्ट निरीक्षकांना द्यावी लागते आणि त्यांच्या परवानगीशिवाय लिफ्ट पुन्हा चालू करता येत नाही. महाराष्ट्रात लिफ्टच्या सुरक्षिततेचा कायदा १९३९ पासून आहे आणि त्याच्या जागी २०१७ चा नवा अधिनियम आला आहे. आहे तोच भाग तशाच भागाने बदलणे ही दुरुस्ती होय. मोटर किंवा केबिन वेगळ्या प्रकारची घालणे हा फेरबदल होय आणि त्यासाठी आधी परवानगी लागते. अशा वेळी सूचनेत ‘परवानगीनंतर इतके दिवस’ असेच लिहावे.

५. तीन सूचना

पहिली सूचना बिघाड झाल्यापासून तासाभरात जावी आणि ती अगदी लहान असावी. उदाहरणातील सोसायटीची पहिली सूचना अशी होईल :

“सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की इमारतीची लिफ्ट आज, सोमवार, ९ जून रोजी सकाळपासून बंद आहे. लिफ्टमध्ये अडकलेले रहिवासी सुखरूप बाहेर आले आहेत. मेकॅनिक उद्या मशीन रूमची पूर्ण तपासणी करणार आहेत. लिफ्ट कधी सुरू होईल हे आज सांगता येणार नाही. बिघाडाचे कारण व अंदाजे मुदत बुधवार, ११ जून रोजी रात्री ८ वाजेपर्यंत कळविली जाईल. कोणत्याही मजल्यावरील लिफ्टचे दार ओढून उघडू नये. ज्या घरी जिना उतरू-चढू न शकणारी व्यक्ती आहे, त्यांनी वॉचमन केबिनच्या इंटरकॉमवर आजच कळवावे. — सेक्रेटरी”

दार ओढून न उघडण्याची ओळ वगळू नये. केबिन दुसऱ्या मजल्यावर असताना पाचव्याचे दार उघडले तर समोर केवळ पोकळी असते, आणि लोखंडी सरकत्या जाळीची जुनी दारे सैल झालेली असतील तर ती उघडणे अवघड नसते.

दुसऱ्या सूचनेत कारण एका वाक्यात, मग टप्पे तारखांसह, मग दोन टोकांची मुदत आणि शेवटी ज्येष्ठांसाठीची व्यवस्था :

“लिफ्टचे चारही दोर व ते फिरवणारे चाक झिजले असून केबिन मजल्याशी नीट थांबत नाही, त्यामुळे दोन्ही बदलेपर्यंत लिफ्ट चालविणे सुरक्षित नाही. खर्चाच्या मंजुरीसाठी शुक्रवार, १३ जून रोजी रात्री ९ वाजता तातडीची विशेष सर्वसाधारण सभा आहे. मंजुरी मिळाल्यास सामान १९ ते २१ जूनच्या दरम्यान येईल. लिफ्ट लवकरात लवकर सोमवार, २३ जून व उशिरात उशिरा बुधवार, २५ जून रोजी सुरू होईल. सामान पोहोचल्याची सूचना त्याच दिवशी दिली जाईल. जिन्यावरील मदतीसाठी गुरुवारपासून सकाळी ८ ते १२ व सायंकाळी ५ ते ८ दोन मदतनीस खाली उपलब्ध असतील.”

सूचनाफलक तळमजल्यावर असतो, आणि लिफ्ट बंद असताना ज्याला ती सूचना सर्वाधिक लागते तोच माणूस तळमजल्यावर येऊ शकत नाही. मोबाइलवरील ग्रुप पाहण्याची सवय सर्व वृद्धांना नसते. कित्येक घरांत ग्रुपमध्ये परगावी राहणारा मुलगा असतो आणि घरात राहणारे आई-वडील नसतात. म्हणून ही दुसरी सूचना मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक दाराखाली सरकवावी, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना इंटरकॉमवरून वाचून दाखवावी. अठ्ठावीस घरांना यासाठी अर्धा तास पुरतो.

मुदत पुढे गेली तर तिसरी सूचना लागते, आणि ती जुनी तारीख उलटण्यापूर्वी जावी. सामान २१ तारखेला न येता २४ ला येणार असे शुक्रवारी कळले तर शुक्रवारीच लिहावे, की ‘२३ ते २५ ऐवजी आता २७ जून’. बुधवारी रात्री क्षमा मागण्यापेक्षा शुक्रवारी सांगितलेला उशीर वृद्धांना परवडतो, कारण त्यांना औषधे मागवायला आणि मुलांना बोलवायला मधले दिवस मिळतात.

६. जिन्याचे गणित आणि माणसांची यादी

या इमारतीत एका मजल्याला १८ पायऱ्या धरल्या तर सातव्या मजल्यापर्यंत १२६ होतात. चढणे आणि उतरणे यांचे त्रास वेगवेगळे असतात आणि व्यवस्था करताना ते वेगळे धरावे लागतात. चढताना भार हृदयावर व श्वासावर येतो, म्हणून हृदयविकार, दमा किंवा रक्तक्षय असलेल्या माणसाला मध्ये बसायला जागा लागते. उतरताना दम कमी लागतो, परंतु शरीराचे वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर तोलावे लागते आणि पडण्याची भीतीही उतरताना अधिक असते. तेथे खुर्चीपेक्षा कठडा, उजेड आणि सोबतीचा माणूस उपयोगी पडतो.

त्यामुळे पहिले काम म्हणजे जिन्यातील बंद पडलेले दिवे त्याच दिवशी लावणे, ओल्या पायऱ्या पुसत राहणे (जूनमध्ये छत्र्यांचे पाणी जिनाभर सांडते) आणि जिन्याच्या वळणांवर ठेवलेल्या चपलांची कपाटे व कुंड्या हलवणे. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या मजल्यांवर हातांची एकेक मजबूत खुर्ची ठेवावी, पण ती भिंतीला लागून, जिन्याची वाट न अडवता, कारण आग लागल्यास हाच बाहेर पडण्याचा मार्ग असतो.

मदत करणाऱ्याने कोठे उभे राहावे हे बहुतेकांना ठाऊक नसते. वृद्ध माणूस चढत असो वा उतरत असो, सोबती नेहमी त्याच्या खालच्या बाजूला, एक पायरी खाली असावा; चढताना मागे आणि उतरताना पुढे. वर उभे राहून हात धरणारा माणूस तोल गेलेल्याला थोपवू शकत नाही, उलट स्वतःही ओढला जातो. एक गुडघा अधिक दुखत असेल तर चढताना बरा पाय आधी वर ठेवावा आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली.

त्यानंतर यादी. पहिल्या सूचनेला आलेल्या उत्तरांवरून सेक्रेटरीने ती करावी, आणि ती वयावर न करता गरजेवर करावी. ऐंशीचे आजोबा रोज जिना चढत असतील आणि पन्नाशीतील एखाद्या बाईंचे नुकतेच गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असेल. उदाहरणातील सोसायटीत पाच घरांकडून उत्तर येते असे धरू. सहाव्या मजल्यावरील एका गृहस्थांचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस होते, आणि ते पुढे ढकलता येत नाही. त्यांच्यासाठी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी दोन मदतनीस आणि परतल्यावर तळमजल्यावरील सोसायटी कार्यालयात अर्धा तास पडायला खाट, कारण डायलिसिसनंतर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते आणि लगेच सहा मजले चढणे धोक्याचे असते. इतके चढणे त्यांना झेपेल का हे डॉक्टरांना विचारून, दोन आठवडे खालच्या मजल्यावरील किंवा नातेवाइकांच्या घरी राहता आले तर तेच उत्तम. सातव्या मजल्यावर चाकाच्या खुर्चीतील आजी आहेत. त्यांना या काळात खाली यायचे कारण नाही, पण फिजिओथेरपिस्टला वर येण्याची विनंती करावी लागेल. उरलेल्या तीन घरांना फक्त दूध, भाजी आणि औषधे वर पोहोचायला हवी आहेत.

यादीत कोणाला कोणता आजार आहे ते ग्रुपवर लिहू नये, फलकावरही लावू नये. वॉचमनकडील कागदावर सदनिकेचा क्रमांक, मदतीचा प्रकार आणि वेळ एवढेच असावे. आपला आजार चारचौघांत जाहीर होईल या भीतीने काही वृद्ध मदत मागतच नाहीत, आणि मग एकटेच जिना उतरायला निघतात.

मदतनीस वेगळे नेमावेत. वॉचमनला हे काम सांगितले तर फाटक मोकळे राहते, आणि तो नाही म्हणू शकत नसल्याने दिवसातून दहा वेळा सात मजले चढतो. मदतनिसांची मजुरी लिफ्टच्या खर्चाबरोबर सभेतच मंजूर करून घ्यावी. घरकामाला येणाऱ्या बायकांचाही येथे विचार व्हायला हवा; त्यांतील अनेक जणी साठीच्या आसपासच्या असतात आणि एकाच इमारतीत तीन-चार घरची कामे करतात. वरच्या मजल्यांवरील घरांनी आपापसांत वेळा जुळवून त्यांना एकदाच वर यावे लागेल असे करणे कठीण नाही. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरचे वजन सुमारे ३० किलो असते. ज्यांचा सिलिंडर संपत आला आहे त्यांनी मुदत पाहून नोंदणी थोडी पुढे-मागे केली तर तो पाठीवर वाहणाऱ्या माणसाचे श्रम वाचतात.

चाकाच्या खुर्चीतील किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खाली आणावेच लागले तर प्लॅस्टिकची खुर्ची वापरू नये, तिचे पाय भाराने दुमडतात. लाकडी वा पोलादी सरळ पाठीची खुर्ची घ्यावी, माणसाला रुंद पट्ट्याने कंबरेशी व छातीशी बांधावे आणि खुर्ची किंचित मागे कललेली ठेवून न्यावे. चढताना आणि उतरतानाही बसलेल्याचे तोंड जिन्याच्या खालच्या दिशेला असावे. वजनदार माणसाला तीन जण लागतात आणि दर मजल्याला थांबावे लागते.

प्रकृती अचानक बिघडली तर मात्र शेजाऱ्यांनी उचलाउचल करू नये. छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे यांपैकी काही झाल्यास त्या माणसाला एक पायरीही चालवू नये आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फोनवर पहिल्याच वाक्यात ‘लिफ्ट बंद आहे, रुग्ण सहाव्या मजल्यावर आहे’ असे सांगावे, म्हणजे येणाऱ्यांना खाली पोहोचल्यावर हे कळून पुन्हा साधने आणायला परतावे लागत नाही. अरुंद जिन्याच्या वळणावर लांब स्ट्रेचर वळत नाही, हे त्यांना आधी ठाऊक असलेले बरे. एका तरुणाने फाटकाशी थांबावे आणि दुसऱ्याने जिना मोकळा करावा. हे वाक्य आणि हा क्रमांक दुसऱ्या सूचनेच्या छापील प्रतीवर तळाशी ठळक अक्षरांत असावा.

७. सुरू झाल्यानंतर

बुधवारी, २५ जूनला चाचणी संपल्यावर मेकॅनिककडून कामाचा लेखी अहवाल घ्यावा : कोणते भाग बदलले, किती भाराने चाचणी केली, कोणत्या तारखेला. तो सोसायटीच्या दप्तरात राहतो आणि पुढच्या तपासणीत दाखवता येतो. मदतनिसांना त्याच संध्याकाळी निरोप न देता आणखी एक दिवस ठेवावे, कारण नव्या जोडणीत एखादा स्विच पहिल्या दिवशी पुन्हा जुळवावा लागणे नवल नाही.

नवे पोलादी दोर सुरुवातीच्या काही आठवड्यांत भाराखाली थोडे लांबतात, आणि चारही दोर सारखेच लांबतात असे नसते. ज्याचा ताण अधिक राहतो तो खाच लवकर झिजवतो, म्हणून साधारण महिन्याभराने मेकॅनिकला पुन्हा बोलावून चारही दोरांचा ताण समान करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी लिफ्ट दोन-तीन तास बंद राहते. हे आधी न सांगता लिफ्ट बंद झाली तर नवे काम बिघडले अशी समजूत होते. म्हणून लिफ्ट सुरू झाल्याच्या सूचनेतच ती तारीखही द्यावी, आणि डायलिसिसचा वार टाळून द्यावी :

“लिफ्ट आज, बुधवार, २५ जून रोजी सायंकाळी ६ वाजल्यापासून सुरू झाली आहे. दोरांचा ताण समान करण्यासाठी ती गुरुवार, २४ जुलै रोजी दुपारी २ ते ५ बंद राहील. त्या दिवशी दुपारी रुग्णालयात किंवा बाहेर जायचे असल्यास वॉचमन केबिनमध्ये आदल्या दिवशी कळवावे. केबिन कोणत्याही मजल्यावर वर किंवा खाली थांबत असल्याचे दिसल्यास मजल्याचा क्रमांक व वेळ लिहून द्यावी.”